भांडवलाच्या लेखी, स्वतःच्या लेखी

घराचं खरेदीखत वाचलं असेल, तर त्यात ‘जागा’ आणि ‘इमला’ वेगवेगळे लिहिलेले आढळतात. जागा म्हणजे जमीन, इमला म्हणजे तिच्यावर उभं असलेलं बांधकाम. जागा एकाची आणि इमला दुसऱ्याचा, हेही कायद्याला चालतं. दस्तऐवजातला हा शब्द मराठी मार्क्सवाद्यांनी उचलला आणि ‘पाया आणि इमला’ ही जोडी रुळवली. मूळ जर्मन जोडी ‘बाझिस’ आणि ‘युबरबाऊ’. १८५९ साली अर्थशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मार्क्सने ती वापरली. ‘बाझिस’ मूळ ग्रीक. अर्थ पाऊल, मग पुतळ्याचा चौथरा. आपला ‘पाया’ही पायाशीच नातं सांगतो. ‘युबरबाऊ’ म्हणजे निव्वळ ‘वर बांधलेलं’.

पाया कशाचा? उत्पादनसंबंधांचा. यंत्रं कोणाची, राबतो कोण आणि तयार मालातलं कोणाच्या पदरात काय पडतं, हे तिथे ठरतं. त्यावर कायदा आणि राज्यसंस्था उभी राहते आणि धर्म, कला, तत्त्वज्ञान यांची रूपं त्याला धरून घडतात. उपमा इतकी सोपी, की ती घात करते. पाया एकदा घातला की हलत नाही आणि छपराचा पायाला काही उपद्रव नाही, असं तिच्यावरून वाटू लागतं. ते तसं नाही, हे मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगेल्सला १८९० मध्ये ब्लोख नावाच्या पत्रलेखकाला समजावून सांगावं लागलं. आर्थिक बाजू निर्णायक आहे ती शेवटच्या टप्प्यावर. एरवी इमल्यातल्या गोष्टी उलट पायावरही परिणाम करतात, असं त्याचं म्हणणं. आपण दोघांनी भांडणाच्या भरात आर्थिक बाजूवर जरा जास्तच जोर दिला, हेही त्याने त्याच पत्रात मान्य केलं. ही कबुली अनुयायांना फारशी पचली नाही.

दुसरी जोडी याहून अवघड. ‘वर्ग स्वतःमध्ये’ आणि ‘वर्ग स्वतःसाठी’ असं तिचं मराठी भाषांतर होतं आणि ते वाचून कोणालाच काही कळत नाही. जर्मन शब्द ‘आन झिश’ आणि ‘फ्यूर झिश’, दोन्ही हेगेलच्या घरचे. रोजच्या जर्मनमध्ये ‘आन झिश’ म्हणजे आपलं ‘मुळात’. ‘फ्यूर झिश’मध्ये ‘स्वतःसाठी’ आहेच, पण हेगेलच्या वापरात ‘स्वतःला ठाऊक असलेलं’ हा अर्थ महत्त्वाचा. ‘स्वतःसाठी’ या भाषांतरात तो निसटतो आणि नुसता स्वार्थ उरतो.

गंमत अशी, की मार्क्सने हा भेद सांगितला तो फ्रेंचमध्ये, प्रूदोंला उत्तर म्हणून लिहिलेल्या १८४७ च्या ‘तत्त्वज्ञानाचं दारिद्र्य’ या पुस्तकात. आणि तिथे ‘मुळात वर्ग’ असा शब्दच नाही. कामगारांचा समूह भांडवलाच्या समोर आधीच वर्ग आहे, स्वतःसाठी मात्र अजून नाही, अशा आशयाचं ते वाक्य आहे. ‘आन झिश’ची जोड नंतरच्यांनी दिली. मला विचाराल तर हे वाक्य मराठीत फार सहज उतरतं: भांडवलाच्या लेखी वर्ग, स्वतःच्या लेखी नव्हे. ‘लेखी’मध्ये हिशेब आहे, कागद आहे आणि ‘त्याच्या दृष्टीने’ हाही अर्थ आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हे अगदी जवळून दिसायचं. गिरणीच्या लेखी कामगार म्हणजे मस्टरवरचं नाव, खातं आणि मजुरीचा दर. भोंगा सगळ्यांना एकच, मालक एकच, मंदीत कपात यायची तीही सगळ्यांवर. पण कामगाराच्या स्वतःच्या लेखी तो साताऱ्याचा, रत्नागिरीचा, अमक्या जातीचा, तमक्या जॉबरचा माणूस. काम लागायचं ते जॉबरच्या ओळखीने. राहायची खोली गाववाल्यांची, जेवणाची खाणावळही बहुधा आपल्यातलीच. नोकरी, उधारी आणि अडीनडीची मदत त्याला या नात्यांतून मिळत होती, तेव्हा तो स्वतःला त्यांच्यातच मोजत होता. यात अज्ञान काही नव्हतं, रोकडा व्यवहार होता.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. लेनिनने त्याच वर्षी लिहिलं, की भारतातला कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढ्याच्या पायरीपर्यंत आला आहे. लांबून ते तसं दिसलंही असेल. पण संपात मजुरीची मागणी नव्हती आणि मागे संघटना उरली नाही. राजकीय जाणीव होती. वर्गाची होती असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

१९२८ चा संप वेगळा. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, कातणाऱ्याने साच्याच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, अशी मालकांची योजना होती. माणसं कमी होणार हे उघड होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. जॉबरला वगळून गिरणी समितीत बसणारा, साऱ्या शहराचे दर एकत्र ठरवा म्हणणारा कामगार इथे दिसतो. स्वतःच्या लेखी वर्ग म्हणतात तो हा.

पण हा हिशेब कुठे अपुरा पडत होता, ते विणखात्यात पाहावं. धोट्यातली कांडी संपली की नवी भरून तिचा सुतोडा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा, अशी पद्धत होती. म्हणून अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेऊ देत नसत. ज्याला त्याने ओठ लावले तो धोटा इतर कामगार हाती धरायला तयार नव्हते. कातणखात्याच्या मानाने विणखात्यात मजुरी जास्त. म्हणजे विटाळाची कल्पना, जी पुस्तकाप्रमाणे इमल्यातली, ती थेट पगाराचा आकडा ठरवत होती. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना ही बंदी उठवण्याची मागणीही यादीत घालायला लावली. ती घातली गेली, पण नाखुशीने. मालकांचं उत्तर बिनतोड होतं: हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही.

जात पायात की इमल्यात, हा वाद महाराष्ट्रात पुढे बरीच वर्षं चालला. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्या शरद पाटलांनी तिला पायात बसवलं. मला धोट्यापुरतं तरी त्यांचं म्हणणं पटतं. ज्यावरून काम कोणाला आणि दर किती हे ठरतं, त्याला इमला म्हणता येत नाही. १९३६ मध्ये आंबेडकरांनी जातीला नुसती श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी म्हटलं. त्यांनी ‘लेखी’चाच प्रश्न विचारला होता: कोणाला धरून आणि कोणाला वगळून हा वर्ग स्वतःला मोजतो?

पुढे ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध तो होता. म्हणजे दोघांना एकत्र आणलं ते इमल्यातल्या कायद्याने. विधेयक मात्र मंजूर झालं.