वेलबुट्टीचं वळण : मोच्याच्या आरीपासून शिवणयंत्रापर्यंत

उर्दूत ‘बेल-बूटे’, मराठीत ‘वेलबुट्टी’. शब्द थोडासा वळला, पण वेल तीच राहिली. वर्गातल्या एका मुलीची खाला ब्लाऊजवर आरीकाम करते. कापड चौकटीवर ताणलेलं असतं, धागा खालून धरलेला. आकड्याची बारीक आरी वरून आत जाते, धाग्याचा फास घेऊन वर येते आणि पुढचा फास पहिल्यातून काढते. झाला साखळी टाका. ही आरी मुळात कुणाच्या हातातली?

ती मोच्यांची. गुजरातच्या कातडीकामाची कीर्ती फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तिथल्या तांबड्या-निळ्या कातडी चटयांचं वर्णन केलं आहे. त्यांवर पक्षी-प्राणी आणि सोन्या-चांदीच्या तारेचं काम असे. कातडं टोचणाऱ्या आरीला बारीक आकडा आला आणि मोची तीच आरी सुती-रेशमी कापडावर चालवू लागले. सतराव्या शतकात त्यांचे भरतकाम केलेले पडदे व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात जाऊ लागले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १७०० च्या सुमाराचे असे गुजराती पडदे आहेत: सुती कापड, रेशमी धागा, साखळी टाका आणि सगळीकडे वळत गेलेल्या वेली.

त्याच काळात इंग्लंडमधल्या बायका अशाच वेली लोकरीच्या धाग्याने भरत होत्या, मात्र सुईने, आणि देठांसाठी बहुधा दांडी टाका वापरून. या टाक्यात सुई पुढे घालून मागच्या टाक्याच्या मध्यावर, त्याला खेटून बाहेर काढतात. टाके एकमेकांवर अर्धे चढतात आणि पीळ दिलेल्या दोरीसारखी रेघ उमटते. धागा सुईच्या ज्या बाजूला ठेवला, त्याच बाजूला शेवटपर्यंत ठेवावा लागतो. मध्येच बाजू बदलली तर पीळ उलटा पडतो आणि ती जागा लांबूनही दिसते.

दोन्ही टाक्यांची खरी परीक्षा वळणावर होते. वेल गोल असते, टाका मात्र सरळच पडतो. म्हणून प्रत्येक टाका वळणाच्या आतून थोडा आडवाटेने जातो. ५ मिमी त्रिज्येच्या घट्ट वेटोळ्यावर ५ मिमीचा टाका घातला, तर तो मधोमध रेघेपासून सुमारे ०.६७ मिमी सुटतो. छापाची रेघ उघडी पडते आणि वेल कोनाकोनांची दिसते. टाका निम्मा, म्हणजे अडीच मिमीचा केला, की हीच चूक सुमारे ०.१६ मिमीवर येते. लांबी निम्मी, चूक पाव. म्हणून जाणता हात सरळ देठावर लांब टाका घेतो आणि वेटोळं यायच्या आधीच दोन-तीन टाक्यांत तो हळूहळू लहान करतो. एकदम लहान केला तर तिथे गाठ असल्यासारखं वाटतं.

पान साखळीच्या समांतर ओळींनी भरताना वेगळी अडचण येते. समजा पाव वर्तुळाच्या दोन ओळी आहेत, बाहेरची २० मिमी त्रिज्येची, आतली १६ मिमीची. बाहेरची सुमारे ३१ मिमी लांब होते, आतली २५ मिमी. दोन्हींत दहा-दहा टाके बसवले तर आतले दाटून फुगतात. बाहेर दहा आणि आत आठ घेतले, की दोन्हीकडे टाका ३ मिमीहून किंचित मोठा आणि सारखा पडतो. म्हणजे वळणावर लांबी नव्हे, संख्या बदलायची. टोकदार कोपऱ्यावर साखळी वळवायचीच नाही. शेवटचा फास छोट्या टाक्याने बांधायचा आणि त्याच फासाच्या आतून नवी दिशा धरायची. ओळीच्या शेवटीही असंच बांधावं लागतं, कारण तो फास सुटला तर पूर्ण ओळ उसवत जाते.

अठराव्या शतकात आरीचं हे तंत्र पूर्वेकडून फ्रान्समध्ये पोहोचलं. ढोलासारख्या गोल चौकटीवरून तिथे त्याला ‘तांबूर’ म्हणू लागले. १८३० मध्ये बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्यात आकड्याची सुई होती आणि शिवण साखळी टाक्याची होती. पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. पेटंटावर तिमोनिएचं नाव राहिलं. ज्या मोच्यांनी तो फास कातड्यावरून रेशमावर आणला, त्यांची नावं त्यांच्याच पडद्यांवर कुठे नाहीत. त्या वेलीचा एखादा फोटो मोठा करून पाहा. घट्ट वेटोळ्यापाशी टाके लहान होत गेलेले दिसतील. त्या माणसाची सही तेवढीच.