जुगाड: विहिरीवरून रस्त्यावर आलेली गाडी

'काहीतरी जुगाड कर' हे आता मराठीतही सहज बोलले जाते. नळाची गळती चिंध्या गुंडाळून थांबवली की जुगाड, ओळखीतून रेल्वेचे तिकीट मिळवले की तेही जुगाड. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या खेड्यांत मात्र या शब्दाला चाके आहेत. तिथे जुगाड म्हणजे विहिरीवरच्या पंपाचे डिझेल इंजिन बसवून गावातल्या मिस्त्रीने बांधलेली गाडी. पंजाबात तिला 'पीटर रेहडा' असेही म्हणतात. रेहडा म्हणजे गाडा, आणि पीटर हे 'पेटर' या इंग्रजी बनावटीच्या इंजिनाचे गावठी नाव. 'मारुता' हे तिचे आणखी एक नाव, मारुती मोटारीवरून पडलेले. जुगाडाचे कौतुक का होते आणि त्यावर टीका का होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गाडीत सापडतात, म्हणून तिची कुळकथा सांगण्यासारखी आहे.

तिचा जन्म हरितक्रांतीच्या पोटी झाला. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेत बुटक्या गव्हाची नवी वाणे आली. त्यांना वेळच्या वेळी पाणी लागे, म्हणून शेतोशेती कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांवर आठ-दहा अश्वशक्तीची, एका सिलिंडरची डिझेल इंजिने बसली. ही इंजिने इंग्लंडच्या लिस्टर आणि पेटर या जुन्या नमुन्यांवर बेतलेली होती. राजकोट आणि आग्र्याच्या छोट्या कारखान्यांनी ती मोठ्या संख्येने बनवली. आपल्याकडे पुण्याच्या खडकीत किरलोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून याच व्यवसायात आहे. इंजिन दणकट आणि संथ असे. गावातल्या मिस्त्रीला त्याचा प्रत्येक भाग उघडता येई. पुढे शेतात वीज पोचली, विजेच्या मोटारी आल्या आणि कितीतरी डिझेल इंजिने वर्षातले बरेच महिने नुसती उभी राहू लागली.

त्याच वेळी शेतमाल वाढला होता आणि तो बाजार समितीपर्यंत न्यायचा होता. बैलगाडीला वेळ लागे, ट्रॅक्टर-ट्रॉली घेणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते आणि आडगावाला एसटीसारखी बस दिवसातून एखादीच. दुसरीकडे भंगारबाजारात जुन्या जीपचे सांगाडे, गिअरपेट्या आणि मागचे आस स्वस्तात मिळत. उभे इंजिन, भंगारातली जीप आणि मालाची निकड या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही गाडी रस्तोरस्ती दिसू लागली. तिचा शोध लावणारा एक कुणी नाही. वेल्डिंगचे यंत्र आणि लेथ असलेल्या अनेक गावांत ती वेगवेगळी जन्मली.

ती बांधायची पद्धत मात्र बरीच सारखी. लोखंडी चॅनेल जोडून सांगाडा करतात आणि त्यावर लाकडी फळ्या ठोकतात. पुढच्या भागात इंजिन बसते. त्याच्या जड चाकावरून पट्टा जीपच्या गिअरपेटीकडे जातो आणि तिथून लांब दांडा मागच्या आसाला फिरवतो. स्टिअरिंगही जीपचेच. सुरू करताना झडप उघडी ठेवणारी खिट्टी वर करून हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की खिट्टी सोडायची. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते आणि इंजिन धडधडू लागते. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. खर्च पन्नास हजारांच्या आसपास सांगितला जाई, म्हणजे नव्या जीपच्या किमतीचा लहानसा भाग. शिवाय हंगामात इंजिन उतरवून पुन्हा पंपावर किंवा कडबाकुट्टीवर लावता येते. एकाच यंत्राने पाणी उपसायचे, चारा कापायचा आणि गहू बाजारात न्यायचा, ही काटकसर खरोखर बुद्धीची आहे. तिचे कौतुक करायला कुठलाही आडपडदा नको.

उणीवही याच बांधणीत आहे. हे इंजिन एका जागी उभे राहून ठरावीक वेगाने फिरण्यासाठी घडवलेले आहे. गाडीला चालण्याइतकेच थांबणेही यावे लागते, आणि मिस्त्रीचे सगळे लक्ष चालवण्याकडे असते. ब्रेक बहुधा जुन्या जीपचे, तेही फक्त मागच्या चाकांना, झिजलेले आणि तारेने ओढायचे. काही गाड्यांत ब्रेक इतके कच्चे असतात की उतारावर एकजण खाली उडी मारून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतो. तो ठोकळा गाडीच्या सामानाचाच भाग असतो.

हिशोब मांडून पाहू. गाडी ताशी 40 किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. समोर म्हैस आली आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद गेला, तर तेवढ्यात 11 मीटर संपले. धड ब्रेकची गाडी त्यानंतर साधारण 10 मीटरमध्ये थांबेल, म्हणजे एकूण 21. माणसे भरलेल्या आणि कच्च्या ब्रेकच्या जुगाडाचा वेग त्याच्या एकतृतीयांश दराने कमी होतो असे धरले, तर ब्रेक लागल्यावर तिला 31 मीटर लागतील. एकूण 42 मीटर, म्हणजे दुप्पट. आता तीच गाडी ताशी 20 किलोमीटरने चालवा. ब्रेक तेच, माणसे तेवढीच, पण थांबायला एकूण 13-14 मीटर पुरतात. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर एकतृतीयांशावर येते, कारण ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाच्या पटीत असते. हे आकडे ढोबळ आहेत, पण नियम पक्का आहे. शेताच्या बांधावर, बैलापेक्षा थोड्या जास्त वेगाने चालणारी जुगाड गाडी निभावून जाते. तिच्यावर वीस माणसे बसवून ती राज्य महामार्गावर आणली की तीच गाडी घातक ठरते. दोन्ही ठिकाणी मिस्त्रीची हुशारी सारखीच असते. बदलतो तो वेग, आणि बदलतात धोका सोसणारी माणसे.

धोका सोसणाऱ्यांचाच प्रश्न अखेर न्यायालयात गेला. या गाडीला ना नोंदणी, ना विमा, ना रस्ताकर, ना चालकाच्या परवान्याची चौकशी. अपघात झाला तर भरपाई मागायची कुणाकडे? राजस्थानच्या परिवहन महामंडळाशी संबंधित अशाच एका भरपाईच्या दाव्यात, 10 मे 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुगाड हे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसणारे वाहन आहे, म्हणून नोंदणी आणि विम्याशिवाय ते रस्त्यावर चालू शकत नाही. 1988च्या कायद्यातली ही व्याख्या वाचण्यासारखी आहे. यंत्रशक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे ते मोटार वाहन. त्यातून वगळले आहे ते रुळांवरचे वाहन, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन, आणि चारपेक्षा कमी चाकांचे व 25 घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन. आपल्या आवारात हवे ते चालवा, सामाईक रस्त्यावर आलात की इतरांच्या जिवाची हमी द्या, हेच या व्याख्येचे मर्म आहे.

निकालाच्या आदल्याच वर्षी, 2012 मध्ये, नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचे 'जुगाड इनोव्हेशन' हे पुस्तक आले. बड्या कंपन्यांनी भारतीय खेड्यांकडून काटकसर आणि लवचीकपणा शिकावा, असे ते सांगत होते. एकीकडे व्यवस्थापनाच्या वर्गात जुगाड आदर्श ठरत होता आणि दुसरीकडे न्यायालय त्याच नावाच्या गाडीला रस्त्यावरून उतरवत होते. तळागाळातल्या कल्पकतेसाठी आयुष्य वेचलेले प्राध्यापक अनिल गुप्ता यांना मात्र हा शब्दच पसंत नाही. खेड्यातल्या संशोधकाने वर्षानुवर्षे खपून पक्के केलेले यंत्र आणि वेळ मारून नेण्यासाठी केलेली जोडणी यांना एकाच नावाने हाक मारली, तर अन्याय संशोधकावर होतो. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांची 'बुलेट सांती' पाहा. बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा जोड आणि त्यामागे कोळपे किंवा पेरणीचे अवजार. सुरुवात जुगाडासारखीच झाली, पण पुढे चाचण्या झाल्या, सुधारणा झाल्या आणि पेटंटही मिळाले. काम शेतातले, वेग शेतातला.

कौतुक आणि आक्षेप एकाच तोंडून निघाल्याचे उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातले आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथल्या एका कारागिराने भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली आणि त्याच दमात ती नियमांत बसत नाही, प्रशासन ती आज ना उद्या थांबवेल, असेही सांगितले. गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती त्या कुटुंबाच्या दारात आली. हा तोडगा सुंदर होता, पण तो एका घरापुरता.

लाखो लोकांचे पोट जिथे जुगाडावर आहे, तिथे नुसती बंदी टिकत नाही. एप्रिल 2022 मध्ये पंजाब पोलिसांनी मोटारसायकलला जोडलेल्या जुगाड रेहड्यांवर कारवाईचा आदेश काढला. रेहडेवाले संतापले आणि काही दिवसांतच सरकारला तो मागे घ्यावा लागला. मालवाहतुकीची निकड जागच्या जागी होती आणि तिला परवडणारा दुसरा मार्ग कुणी दिला नव्हता.

मार्ग निघतो, हे ई-रिक्षाने दाखवले आहे. दिल्लीत ती नोंदणीविना वाढली आणि 2014 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने तिच्यासाठी स्वतंत्र नियम केले: चार प्रवासी, 2000 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची कमाल मर्यादा. यातली वेगमर्यादा सर्वांत मोलाची, कारण वर मांडलेला हिशोब ती पाळते. डिझेल इंजिनाच्या जुगाडाला असे काही मिळाले नाही. गावच्या मालवाहतुकीसाठी संथ गाडीचा वेगळा वर्ग करावा, चारही चाकांना ब्रेक, रात्रीचे दिवे आणि इतरांसाठीचा विमा सक्तीचा करावा, माणसांची संख्या आणि वेग बांधून द्यावा आणि तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. इंजिन चालते करणारा मिस्त्री पुढच्या चाकांना ब्रेकही जोडू शकतो. ते त्याच्याकडून मागायला हवे, आणि त्याने जोडले की त्याच्या गाडीला नंबरही द्यायला हवा.