कोरा शिधा आणि भरली ताटली

रमजान ईदच्या सकाळी मुसलमानांच्या घरांतून शेजारी दोन तऱ्हेची ताटली जात असे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत वाढलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. एका ताटलीत शिरखुर्म्याचा वाडगा, वर जाळीचा रुमाल. दुसरीत कोरा शिधा: भाजलेल्या बारीक शेवया, साखर, चार खारका, मूठभर काजू-बेदाणे, थोडी चारोळी. दूध मात्र ज्याचे त्याने आपल्या घरचे घ्यायचे. कोणाकडे कोणती ताटली जाते हे घरातल्या पोरांनाही पाठ असे.

कोऱ्या शिध्यामागे शिवाशिवीचा जुना हिशेब होता, तो झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या चुलीवरचे ओले, शिजवलेले अन्न न घेणाऱ्या घरात तळलेले किंवा कोरडे चालून जाई. म्हणूनच दिवाळीत लाडू, चकली, शेव, चिवडा आमच्याकडे बिनदिक्कत येई, आणि ईदचा वाडगा मात्र काही उंबऱ्यांपाशी अडे. आजची पिढी विचारते, हा अपमान नव्हता काय? होता. पण ताटली देणारी बाई जे वाक्य बोले, त्यात तिने तो अपमान दोघींच्या अंगावरून उतरवून ठेवलेला असे. ती म्हणे, "काकू, कोरंच आणलंय. तुमच्या हातची चव आम्हाला येत नाही, तुम्हीच करून घ्या." काकूंना नाही म्हणावे लागत नसे आणि हिला नकार ऐकावा लागत नसे. काकू म्हणत, "कशाला एवढं गं भाभी? ईद मुबारक हो!" भाभी दखनी वळणावर जाऊन म्हणे, "तुमकू भी मुबारक." एवढ्यावर ताटली आत जाई.

रेघ आमच्या बाजूनेही होती, हेही तितकेच खरे. देवापुढे ठेवलेले खाण्यास पुष्कळ मुसलमान घरे कचरत, आजही कचरतात. ते ओळखून शेजारीण आपण होऊन सांगे, "हा नैवेद्यातला नाही हं, आधीच वेगळा काढून ठेवलाय." हे वाक्य कोणी शिकवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिल्याने ते तयार झाले. आमच्या मते ते कोऱ्या शिध्याच्या वाक्याचे सख्खे भावंड आहे.

या रिवाजाची खरी परीक्षा २००४, २००५ आणि २००६ या लागोपाठच्या तीन वर्षांत झाली. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. त्या तीन वर्षी दिवाळी रमजानच्या अखेरीस आली. २००४ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, २००५ मध्ये १ नोव्हेंबरला, २००६ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि प्रत्येक वेळी ईद त्यामागोमाग तीन-चार दिवसांत. यात चमत्कार नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि ईद नव्या चंद्रकोरीची, त्यामुळे दोन्ही एका महिन्यात आले की ईदचा चाँद भाऊबीजेच्या आसपासच दिसणार.

पंचाइत वेगळीच होती. फराळाची ताटली येई भर दुपारी आणि घरात सगळ्यांचा रोजा. शेजारीण आग्रहाने म्हणे, "एक लाडू तरी माझ्यासमोर खा." आता "रोजा आहे" एवढेच म्हटले तर ती बिचारी ओशाळते, आणि काहीच न बोलता ताटली बाजूला ठेवली तर तिला वाटते, आपले घेतले पण खाणार नाहीत. जाणत्या बायका दोन्ही हातांनी ताटली घेत, तिच्यादेखत झाकून ठेवत आणि म्हणत, "वहिनी, आज रोजा तुमच्या लाडवावरच सोडू." वहिनींचा चेहरा खुले. दुसऱ्या वर्षी त्या आपण होऊनच विचारीत, "आज किती वाजता सोडायचाय?" त्यातही एक अडचण होतीच. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि मगरिबची अजान होते त्याच सुमारास लक्ष्मीपूजनाची तयारी सुरू होते. दोन्ही घरांच्या बायका त्या घटकेला अडकलेल्या. मग ताटल्यांची ने-आण पोरांकडे येई आणि निरोप त्यांच्या तोंडून अर्धामुर्धा पोहोचे. "अम्मीने सांगितलंय, गोड मानून घ्या" एवढे आले तरी पुरे.

ताटली रिकामी परत करायची नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. निदान चिमूटभर साखर घालायची. घरात काहीच नसेल तर शहाणी शेजारीण आधीच म्हणे, "राहू दे ताटली, सवडीने पाठव." या सवडीमुळे ताटल्या महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या फडताळात राहत. म्हणून स्टीलच्या ताटल्यांच्या मागे नाव कोरून घेण्याची पद्धत पडली. अशा नावांच्या ताटल्या आजही जुन्या घरांत सापडतात. पुष्कळदा नाव शेजारच्यांचे असते.

२०३७-३८ च्या सुमारास दिवाळी आणि ईद पुन्हा अशाच जवळ येतील.