तीन चुका, तीन कुळे

आमचे मादन हिप्परगा आळंद तालुक्यातले, म्हणजे सीमेवरचे गाव. आमच्या वडिलांच्या पिढीने निजामी राजवटीत सरकारी व्यवहारासाठी उर्दू आत्मसात केली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला आणि कचेरीची भाषा कन्नड झाली. घरात मराठी होतीच. या तिन्ही भाषांनंतर आमच्या पिढीच्या वाट्याला इंग्रजी आली. आता आमच्या घरांतील नातवंडे बँकेच्या व कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसतात. तेथे एका वाक्याचे तुकडे करून चुकीचा तुकडा ओळखायला सांगतात. ती तयारी करून घेताना 'डिस्कस अबाउट', 'प्रीपोन' आणि 'अ‍ॅम नोइंग' हे तीन प्रयोग आम्हांला वारंवार भेटले. शिकवणीच्या पुस्तकात ते 'भारतीयांच्या चुका' म्हणून एकाच यादीत बसलेले असतात. आमच्या मते ही तीन भावंडे नव्हेत. प्रत्येकीचे कूळ निराळे आहे आणि कूळ कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

अशा याद्यांची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात सनदी सेवेत असलेले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली 'इंडियन इंग्लिश' या नावाचे पुस्तक काढले. सुशिक्षित भारतीयांच्या लेखनातील वाक्प्रचारांच्या चुका तपासणे हाच त्याचा विषय होता. चूक दाखवावी आणि शुद्ध रूप शेजारी मांडावे, ही पद्धत तेव्हापासून आजवर टिकली आहे. मात्र शुद्ध रूप पाठ झाले तरी चूक पुन्हा होते, कारण तिचे मूळ जागच्या जागी राहिलेले असते.

पहिली चूक 'डिस्कस अबाउट'. परीक्षेतील वाक्य असे समजा : (अ) द कमिटी विल, (ब) डिस्कस अबाउट, (क) द वॉटर सप्लाय, (ड) नो एरर. मुलगा 'ड' लिहितो, कारण त्याच्या कानाला काहीच खटकत नाही. मराठीत आपण पाण्याविषयी चर्चा करतो, कन्नडात 'बग्गे' म्हणतो, उर्दूत 'के बारे में' म्हणतो. आमच्या भागातील तिन्ही भाषा एकमुखाने 'विषयी' मागतात, म्हणून ही चूक येथे अधिक चिवट आहे. शिवाय इंग्रजीतच 'डिस्कशन अबाउट' हे नाम म्हणून शुद्ध आहे. त्या नामाची सवय क्रियापदाला लागते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ हलवून सुटे करणे असा होता. हलवायची ती वस्तू थेट कर्म असते, तिला 'विषयी'ची गरज नाही.

येथे आपलीच भाषा मदतीला येते. जुन्या मराठी इतिवृत्तांत 'हा प्रश्न सभेत चर्चिला गेला' असे लिहीत. 'प्रश्नाविषयी चर्चा केली' आणि 'प्रश्न चर्चिला' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत; पण 'प्रश्नाविषयी चर्चिला' असे कोणी लिहिणार नाही. 'डिस्कस' म्हणजे 'चर्चिणे' आणि 'डिस्कशन' म्हणजे 'चर्चा', एवढे मुलाला सांगितले की 'ब' तुकडा त्यालाच खटकू लागतो.

दुसरी चूक 'अ‍ॅम नोइंग'. हिचा सगळा दोष मातृभाषेवर ढकलला जातो, तो आम्हांला मान्य नाही. 'मी त्याला ओळखतो' असेच आपण म्हणतो. 'मी त्याला ओळखत आहे' असे आपल्याकडचे मूलही म्हणत नाही. जाणणे ही चालू असलेली क्रिया नव्हे, ती स्थिती आहे, हे मराठीला ठाऊकच आहे. मग चूक येते कोठून? वर्गात 'आहे' दिसले की 'अ‍ॅम, इज, आर' लावा आणि क्रियापदाला 'आयएनजी' जोडा, असे शिकवले जाते. 'मला माहीत आहे' यात 'आहे' आहे, म्हणून मुलगा ठोकळा लावतो. कन्नडातील 'गोत्तिदे' याच्या पोटातही 'इदे' म्हणजे 'आहे' दडलेलेच असते. म्हणजे ही चूक भाषांतराच्या ठोकळ्याची आहे. उपाय असा, की 'माहीत आहे' ऐवजी 'ओळखतो' किंवा 'जाणतो' घालून पाहावे. पण या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'मला समजते आहे' हे मराठीत सहज चालते, परंतु इंग्रजीत तेथे साधा वर्तमानकाळच बरा. उलट 'आय अ‍ॅम हॅव्हिंग लंच' शुद्ध आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जेवणे. 'आय अ‍ॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स' मात्र अशुद्ध, कारण भाऊ असणे ही स्थिती आहे.

तिसरा 'प्रीपोन'. याला चूक म्हणताना आमची लेखणी अडखळते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात या शब्दाचा सोळाव्या शतकातील उल्लेख 'पुढे मांडणे' या अर्थाने आहे, आणि 'तारीख अलीकडे आणणे' या अर्थाने १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या एका पत्राचा दाखला आहे. पुढे तो रुळला आणि वाढला तो आपल्याकडे. 'पोस्टपोन'ला जोडीदार हवा होता, तो त्याने पुरवला. आजच्या मोठ्या कोशांत त्याला जागा आहे. परीक्षेत मात्र अनेकदा तो चुकीचा धरतात आणि 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'अ‍ॅडव्हान्स' मागतात.

या 'ब्रिंग फॉरवर्ड'ने आम्हांला एकदा चांगलेच शिकवले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कचेरीत जमिनीच्या प्रकरणाच्या सुनावणीची इंग्रजी सूचना आली. तारीख 'ब्रॉट फॉरवर्ड' झाली होती. सीमेवरच्या मराठी शेतकऱ्यांसाठी तिचे मराठी करण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही लिहिले, 'सुनावणी पुढे नेण्यात आली आहे.' शब्दास शब्द ठेवला तर 'फॉरवर्ड' म्हणजे पुढे हे खरेच. पण मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. तारीख प्रत्यक्षात अलीकडे आली होती. शेतकरी निश्चिंत घरी बसले आणि सुनावणी त्यांच्या गैरहजेरीत उरकली. प्रकरण पुन्हा उभे करायला त्यांना वकिलाचा खर्च आणि अनेक हेलपाटे पडले. दोष सर्वस्वी आमचा होता. त्या सूचनेत 'प्रीपोन' असते तर आमचा हात चुकला नसता, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थच होत नाही.

म्हणून आम्ही नातवंडांना तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. 'डिस्कस अबाउट' कोठेही लिहू नका, 'चर्चिणे' आठवा. 'अ‍ॅम नोइंग' मनात आले की 'आहे' बाजूला ठेवून 'ओळखतो' म्हणून पाहा. 'प्रीपोन' उत्तरपत्रिकेत टाळा, पण तो बोलणाऱ्याला हसू नका. आणि कोणाच्या तारखेची बदललेली सूचना लिहाल, तेव्हा कोणत्याही भाषेत 'पुढे' अथवा 'अलीकडे' एवढ्यावर थांबू नका. जुनी तारीख आणि नवी तारीख दोन्ही आकड्यांत घाला. त्या दोन आकड्यांअभावी आमच्या गावकऱ्यांची सुनावणी हुकली होती.