दीड लाखाची रिक्षा साडेचार लाखांना

दोन वर्षं नोकरीनिमित्त नोएडात होतो. एका रविवारी करोलबागेहून परतताना एका साठीच्या ऑटोवाल्या चाचांशी गप्पा झाल्या. म्हटलं, ऑटो स्वतःचा का? तर म्हणाले, "गाडी मेरी है बेटा, परमिट लाला का." म्हणजे काय ते तेव्हा कळलं नाही. नंतर खोदत बसलो, आणि धागा थेट १९९७ पर्यंत गेला. (माझा जन्मही त्याच सालचा, पण त्यात माझा काही हात नाही.)

तर झालं असं. दिल्लीची हवा तेव्हाही वाईटच होती, आणि एम. सी. मेहतांची प्रदूषणाची याचिका सुप्रीम कोर्टात चालू होती. डिसेंबर १९९७ मध्ये कोर्टाने सांगितलं की रस्त्यावर आहेत तेवढ्याच रिक्षा राहतील. नवीन परमिट नाही, फक्त जुनी रिक्षा मोडली तर तिच्या जागी नवी. खाजगी मोटारी आणि मोटरसायकलींवर मात्र अशी मर्यादा नव्हती. पुढच्याच वर्षी आणखी एक आदेश आला: १९९० पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी मार्च २००० पर्यंत काढून स्वच्छ इंधनाच्या नव्या गाड्या घ्या.

आता ज्याच्याकडे जुनी खटारा रिक्षा आहे त्याचा विचार करा. नवी सीएनजी रिक्षा घ्यायला पैसे नाहीत, आणि बँक अशा माणसाला सहसा दारात उभं करत नाही. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी आता नव्याने कोणालाच मिळणार नव्हती, ती म्हणजे परमिट. ते ओळखलं फायनान्सरने. तो कर्ज देणार, आणि त्याबदल्यात गाडीची कागदपत्रं आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म २९, ३० वर आधीच सह्या घेऊन ठेवणार. हप्ते चुकले की गाडी त्याची. कायद्याने परवानगीशिवाय परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून कागदावर नाव जुन्याच माणसाचं राहायचं. चाचांचा 'लाला' हाच.

२००१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ३८ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी ६७ लाख. रिक्षा मात्र पंचावन्न हजारांवर अडकलेल्या. परिणाम असा की २०१०-११ च्या सुमारास शोरूममध्ये साधारण दीड लाखाला मिळणारी रिक्षा परमिटसकट चार-साडेचार लाखांना विकली जात होती. वरचे तीन लाख म्हणजे एका कागदाची किंमत. सरकारने तो काही हजारांनाही विकलेला नव्हता.

हिशोब करून बघू. समजा हे तीन लाख महिना दोन टक्के व्याजाने घेतले. नुसतं व्याजच ६००० रुपये. महिन्याला २५ दिवस गाडी चालवली तर रोजचे २४० रुपये. २०१० च्या दरपत्रकात पहिल्या दोन किलोमीटरला २० रुपये होते. म्हणजे दिवसातल्या पहिल्या बारा छोट्या सवाऱ्या फक्त त्या कागदाच्या व्याजासाठी, आणि गॅसचा खर्च वेगळाच. सरकार मीटरचा दर ठरवताना हा खर्च धरत नाही, कारण अधिकृतरीत्या तो नाहीच. मग तो आपल्याकडूनच, मीटर बंद ठेवून वसूल होतो. आपण ऑटोवाल्याला शिव्या घालतो (मीही मनसोक्त घातल्यात).

मग फायदा कोणाचा? पटकन वाटतं, ऑटोवाल्यांचा. स्पर्धा कमी, धंदा जास्त. पण तो फायदा फक्त १९९७ ला ज्याच्या हातात परमिट होतं त्याचा. नंतर येणाऱ्याने वाढीव कमाईची सगळी किंमत आधीच मोजलेली असते, म्हणून त्याच्या हाती मजुरीच उरते. गॉर्डन टुलॉक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हा सापळा नीट मांडला होता, उदाहरण अर्थातच टॅक्सीचं. त्यातली ग्यानबाची मेख अशी, की मर्यादेतून काही न मिळवलेला हा नवा माणूसच ती उठवली की सगळ्यात जास्त बुडतो, कारण त्याचे तीन लाख शून्य होतात. त्यामुळे "नवे परमिट नको" म्हणणाऱ्या मोर्च्यात फायनान्सरच्या शेजारी त्याचा कर्जदारही उभा असतो.

नोव्हेंबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने मर्यादा ४५ हजारांनी वाढवून एक लाख केली. तोवर सगळ्या रिक्षा सीएनजीवर आल्या होत्या, म्हणजे मूळ कारण बरंचसं संपलेलं. आपल्याकडे महाराष्ट्रातही मोठ्या शहरांत १९९७ लाच परमिट गोठवली होती, ती २०१७ ला खुली झाली. दिल्लीने मात्र मर्यादा ठेवली, फक्त रेघ पुढे सरकवली. २०२१ मध्ये इलेक्ट्रिक ऑटोसाठी अर्ज मागवले तेव्हाही एक लाखात उरलेल्या जागा मोजूनच, ४२६१.

चाचांना मी उतरताना विचारलं होतं, लालाचं कर्ज फिटलं का? ते नुसते हसले आणि सुट्टे शोधायला लागले.