चेंडू कुठं आहे?

काचबिंदूनं आमच्या अण्णांची नजर गेली, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते. अण्णा म्हणजे माझे धाकटे काका. वाचन सुटल्याचं दुःख त्यांनी गिळलं, पण क्रिकेट सुटत नव्हतं. टीव्हीसमोर बसायचे आणि दोन-तीन षटकांतच वैतागायचे. समालोचक एकमेकांशी गप्पा मारत, जुन्या आठवणी काढत, फलंदाजाच्या तंत्रावर बोलत. पण चेंडू कुठं गेला हे कुणीच सांगत नसे. त्यांचंही चुकत नव्हतं. चेंडू प्रेक्षकाला दिसतोच आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं. शेवटी एके दिवशी अण्णा म्हणाले, ‘‘आवाज बंद कर आणि तू सांग.’’ मी सांगायला बसलो. पहिल्याच चौकाराला मी आनंदानं ओरडलो. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘ओरडतोस काय? चेंडू कुठं आहे ते सांग.’’

या प्रश्नापाशी माझं संशोधन सुरू झालं. धावतं वर्णन म्हणजे ‘आत्ता घडतंय ते वर्तमानकाळात सांगणं’ अशी माझी समजूत होती. ती किती अपुरी होती, हे पुढच्या तीन-चार वर्षांत ध्यानात आलं.

अण्णांनी माझ्याकडून जे करून घेतलं, त्याला जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा आधार आहे, हे वाचताना मला गंमत वाटली. १५ जानेवारी १९२७ रोजी लंडनजवळच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड आणि वेल्स यांच्यात रग्बीचा सामना झाला. बीबीसीनं त्याचं धावतं वर्णन प्रक्षेपित केलं. माइकसमोर होते टेडी वेकलम हे माजी रग्बी खेळाडू. या कामाचा अनुभव तेव्हा बीबीसीत कुणालाच नव्हता. मग त्यांनी एक युक्ती केली. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी चालणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेतून एका अंध गृहस्थांना बोलावलं, वेकलमजवळ बसवलं आणि वेकलमना सांगितलं, की यांना सामना समजावून सांगा. लाखो श्रोत्यांचा विचार करायचा नाही. समोर एक माणूस आहे, त्याला दिसत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

पुढच्याच आठवड्यात, २२ जानेवारीला, हायबरी मैदानावरच्या आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचं वर्णन झालं. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकानं त्यासाठी मैदानाचा नकाशा छापला होता. त्यावर आठ चौकोन आखलेले आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला. वेकलम खेळ सांगत आणि दुसरा आवाज मधूनमधून फक्त चौकोनाचा क्रमांक उच्चारत असे. घरी नकाशा मांडीवर घेऊन बसलेल्या श्रोत्याला चेंडू कुठं आहे ते कळे. म्हणजे अण्णांचा प्रश्न आणि या माध्यमाला पडलेला पहिला प्रश्न एकच होता.

आपल्याकडं ही कला १९३०च्या दशकात मुंबईत रुजली. ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे बॉबी तल्यारखान, चौरंगी आणि पुढं पंचरंगी सामन्यांचं इंग्रजीतून वर्णन करत. दिवसभर ते एकटेच बोलत. उपाहार आणि चहापानाला थांबत तेवढंच. मराठी वर्णनाची ओळख पुढं बाळ ज. पंडितांच्या नावाशी जोडली गेली. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेला हा माणूस आकाशवाणीवरून मराठीत बोलायचा. पण एखाद्या भाषेत धावतं वर्णन करायचं तर नुसते शब्द पुरत नाहीत. त्या भाषेचं व्याकरण खेळाच्या घड्याळाशी जुळावं लागतं.

हे घड्याळ मी मोजून पाहिलं. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटरची. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण साडेसतरा मीटर जातो. ताशी १३० किलोमीटरच्या चेंडूला त्यासाठी जवळपास अर्धा सेकंद लागतो. फिरकी चेंडू ताशी ८० किलोमीटरनं आला, तर पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. मी माझं स्वतःचं बोलणं घड्याळ लावून तपासलं. शब्द न गिळता बोलायचं, तर सेकंदाला सहा-सात अक्षरांवर मी जाऊ शकत नाही. म्हणजे वेगवान चेंडू हवेत असताना तोंडून तीन अक्षरं निघणार. ‘चेंडू पुढं’ एवढं म्हणेपर्यंत तो खेळून झालेला असतो. चेंडूचं वर्णन वर्तमानकाळात करणं शारीरिकदृष्ट्याच अशक्य आहे.

मग वर्णनकार काय करतो? तो एका चेंडूचे तीन काळ करतो. गोलंदाज धावत येतो तो वेळ लांब असतो, चार-पाच सेकंदांचा. तिथं चालू वर्तमान येतो : ‘वळले, धावत येताहेत, पंचांच्या जवळून…’ चेंडू हवेत असताना जवळजवळ शांतता. आणि चेंडू खेळून झाल्यावर भूतकाळ : ‘मारला’, ‘सोडून दिला’, ‘अडवला’. मराठीतला हा भूतकाळ फार उपयोगी आहे. ‘टाकला’ म्हटलं की कालची गोष्ट वाटत नाही. या क्षणी पूर्ण झालेली वाटते. दारात पाहुणा दिसताच आपण ‘आले!’ म्हणतो, तसाच हा भूतकाळ. श्रोत्याला जे वर्तमान वाटतं, ते मराठीत बरंचसं भूतकाळाच्या रूपांनी उभं राहतं.

पण त्यातच एक खड्डा आहे. वर्तमानात आपण म्हणतो, ‘शास्त्री खेळताहेत’. भूतकाळात म्हणतो, ‘शास्त्रींनी चेंडू मारला’. म्हणजे नाव उच्चारतानाच ‘नी’ लावायचा की नाही, हे ठरवावं लागतं, आणि त्या वेळी फटका अजून बसलेला नसतो. सुरुवातीला मी इथं सतत अडखळत होतो : ‘शास्त्री… शास्त्रींनी…’ अण्णा हसायचे. नंतर जुन्या रेडिओश्रोत्यांशी बोलताना आणि कोकणातल्या टेनिस-बॉल स्पर्धांचे निवेदक ऐकताना उपाय सापडला. नाव सुटं टाकायचं आणि थांबायचं : ‘शास्त्री… पुढं येऊन… अडवला.’ व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य नापास होईल. कानाला ते पूर्ण वाटतं.

दुसरी एक गोष्ट मात्र मराठीच्या बाजूची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘चेंडू उंच, खाली क्षेत्ररक्षक, झेल…’ इथपर्यंत चेंडू हवेत असतानाच बोलता येतं. ‘घेतला’ की ‘सुटला’ हे ठरवायला वाक्याच्या शेवटापर्यंत मुभा असते. चढत्या उत्सुकतेसाठी आवाज वाढवायची गरजच उरत नाही. ते काम वाक्याची रचना करते. आवाज आधी चढवणारा वर्णनकार फसतो. ‘चौकार!’ म्हणून तो मोकळा होतो आणि सीमारेषेवर कुणीतरी सूर मारून चेंडू अडवतो. मग त्याला उतरत्या आवाजात दुरुस्ती करावी लागते. हा दोष ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे पार्श्वभूमीचा गलका ऐकणं. गर्दीच्या आधी समालोचकाचा आवाज वर गेला, तर तो अंदाज सांगतो आहे. गर्दीबरोबर किंवा किंचित मागून गेला, तर तो पाहिलेलं सांगतो आहे.

आपल्या शब्दांतही खेळाची जुनी स्मृती आहे. गोलंदाज हा शब्द तोफखान्यातला. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत यांतला ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. त्यामुळं ‘पायचीत’ उच्चारताना नुसता नियम कळत नाही, कुणीतरी आडवं झाल्याचा भास होतो. आणि चार अक्षरांत काम होतं, हा वर्णनकाराचा खरा फायदा.

हे सगळं एकदा पारखून पाहावं म्हणून मी एक षटक निवडलं. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर २२ सप्टेंबर १९८६ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचं शेवटचं षटक. अण्णांनी ते तेव्हा चौकातल्या दुकानात रेडिओवर ऐकलं होतं. मी चित्रफीत लावली, आवाज बंद केला आणि त्यांच्या शेजारी बसलो.

भारताला जिंकायला ३४८ हव्यात, झाल्यात ३४४. शेवटची जोडी, सहा चेंडू, चार धावा. गोलंदाज ग्रेग मॅथ्यूज, फिरकी. समोर रवी शास्त्री, पलीकडं मणिंदर सिंग. पहिल्या चेंडूवर धाव नाही. दुसरा लेगच्या बाजूला, दोन धावा. तिसऱ्यावर एक. धावसंख्या बरोबरीत, आणि समोर मणिंदर. चौथा चेंडू त्यांनी अडवला. दर चेंडूनंतर मी एवढंच सांगत होतो : किती हव्यात, किती चेंडू उरले, समोर कोण. रेड बार्बर नावाचे अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवत. वाळू सरली की धावसंख्या सांगायची, म्हणजे विसर पडणार नाही. अशा षटकात मात्र ती दर चेंडूला सांगावी लागते, कारण श्रोत्याची धडधड त्या आकड्यांवरच चालते.

पाचवा चेंडू. ‘मॅथ्यूज… मणिंदर… पॅडवर… पायचीत!’

अण्णांनी मान हलवली. ‘‘चुकलास.’’

‘‘निकाल बरोबर आहे की, अण्णा.’’

‘‘निकाल मला माहीत आहे रे. अपील कुठं गेलं? पंच कुठं गेले? चेंडू पॅडवर लागला, सगळे ओरडले, पंच उभे आहेत, बोट वर गेलं. एवढं सांगून झालं, की मग पायचीत.’’

ते बरोबर होते. पंच विक्रमराजू यांचं बोट वर जाईपर्यंत पायचीत असं काही नव्हतंच. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं मणिंदर सिंग पुढं कायम सांगत आले. त्या चर्चेत वर्णनकारानं पडायचं कारण नाही. त्याला चेंडू दिसला, ओरडा ऐकू आला, बोट दिसलं. त्याच क्रमानं ते श्रोत्याकडं गेलं पाहिजे. मला निकाल ठाऊक होता म्हणून मी मधली अडीच-तीन सेकंदं खाऊन टाकली. त्या सेकंदांतच तर तो सामना होता. भारत ३४७ सर्वबाद. कसोटीच्या इतिहासातला दुसरा बरोबरीत सुटलेला सामना. पहिला १९६०चा, ब्रिस्बेनचा.

मी चित्रफीत मागं नेली. अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले, हात गुडघ्यांवर, चेहरा माझ्याकडं नव्हे तर भिंतीकडं वळवलेला. मी पुन्हा सुरुवात केली : शेवटची जोडी, सहा चेंडू, चार धावा.