पॉलिसीची रक्कम ३ लाखांवरून १० लाख केली, मग वरच्या ७ लाखांसाठी पुन्हा थांबायचं का?

रिन्यूअलचा मेसेज आला की त्यासोबत एक ऑफरही येते. थोडा प्रीमियम जास्त भरा आणि ३ लाखांचं कव्हर १० लाख करा. दवाखान्याची बिलं बघता बरेच जण हो म्हणतात. नव्या पॉलिसीवर १० लाख हा आकडा छापूनही येतो. पण आजारपणात क्लेम टाकला की कंपनी म्हणते, सध्या ३ लाखच मिळतील. ही फसवणूक आहे का? नाही. हे पॉलिसीत आधीच लिहिलेलं असतं, फक्त आपण तिथपर्यंत वाचत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, संगमनेरच्या एका दुकानदाराने १० जून २०२० ला ३ लाखांची पॉलिसी घेतली आणि दरवर्षी वेळेवर रिन्यू केली. १० जून २०२५ ला त्याने कव्हर १० लाख केलं. कागदावर पॉलिसी एकच असली तरी कंपनीच्या हिशेबात आता तिचे दोन थर आहेत. खालचा ३ लाखांचा थर पाच वर्षं जुना आहे आणि त्याचे सगळे वेटिंग पिरियड संपलेत. वरचा ७ लाखांचा थर मात्र नवा कोरा, म्हणून त्याची मोजणी १० जून २०२५ पासून.

आता फेब्रुवारी २०२६ मध्ये तो नगर-मनमाड रस्त्यावर गाडीवरून पडला आणि बिल ६ लाख झालं, तर पूर्ण १० लाखांचं कव्हर लागू होतं, कारण अपघाताला वेटिंग नसतं. डेंग्यूने अ‍ॅडमिट झाला तरी तेच, कारण नव्या रकमेवरचे सुरुवातीचे ३० दिवस केव्हाच उलटलेत. पण गुडघ्यांची झीज झाली म्हणून दोन्ही गुडघे बदलले आणि बिल साडेचार लाख आलं, तर? सांधे बदलणं, मोतीबिंदू, हर्निया असे ठरावीक उपचार वेगळ्या यादीत असतात आणि त्यांना पॉलिसीनुसार बहुधा २४ किंवा ३६ महिने थांबावं लागतं. वरच्या थराला तर आठच महिने झालेत. त्यामुळे इतर कपाती बाजूला ठेवल्या तरी जास्तीत जास्त ३ लाख मिळतील आणि दीड लाख खिशातून जातील.

खरी मेख मात्र पुढे आहे. या दुकानदाराला २०२३ मध्ये डायबेटिस निघाला असं धरा. पॉलिसी २०२० ची, म्हणजे खालच्या ३ लाखांसाठी हा आजार नंतरचा, त्याला वेटिंगच नाही. पण वरचे ७ लाख २०२५ मध्ये आले, आजार त्याआधीचा. म्हणून या ७ लाखांसाठी तोच डायबेटिस ‘आधीपासूनचा आजार’ धरला जातो. त्याचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतं, म्हणजे जून २०२८ पर्यंत. (ही मर्यादा आधी ४८ महिने होती, आयआरडीएआयने २०२४ मध्ये कमी केली.)

कंपन्या असं का करतात? डॉक्टरांनी जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आणि फेब्रुवारीत रिन्यूअल असेल, तर कुणीही कव्हर वाढवून मार्चमध्ये अ‍ॅडमिट होईल. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांचा हा खर्च शेवटी बाकीच्यांच्या प्रीमियममध्ये येतो. नवा माणूस थेट १० लाखांची पॉलिसी घेतो तेव्हा त्यालाही थांबावंच लागतं, मग वाढवून घेणाऱ्याला वेगळा न्याय कसा देणार?

आणखी एक घड्याळ नव्याने सुरू होतं. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारते. आपल्या दुकानदाराच्या ३ लाखांना हे संरक्षण मिळालं आहे, ७ लाखांना ते जून २०३० मध्ये मिळेल. शिवाय साध्या रिन्यूअलला कंपनी तब्येतीची नव्याने छाननी करत नाही, पण रक्कम वाढवताना करू शकते. त्या फॉर्मवर २०२३ चा डायबेटिस लिहिला नाही, तर वरच्या थरावर वाद ओढवून घेतलाच म्हणून समजा.

स्वतःची पॉलिसी तपासायची असेल तर पीडीएफमध्ये Excl01, Excl02 आणि Excl03 शोधा. हे वेटिंगचे कोड सगळ्या कंपन्यांसाठी सारखेच आहेत आणि वाढीव रकमेला वेटिंग नव्याने लागू होईल हे तिन्हींत लिहिलेलं असतं. मग शेड्यूलमध्ये तुमच्या जुन्या रकमेसमोर पहिल्या पॉलिसीची तारीख कायम आहे ना, ते पाहा. तिथे रिन्यूअलची तारीख पडली असेल तर लगेच ईमेल करून दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुमचे जुने ३ लाखही कागदोपत्री नवे ठरतील.

यातून सुटायला सुपर टॉप-अप घ्यावा का, असंही विचारलं जातं. तो अनेकदा स्वस्त पडतो, पण नव्या टॉप-अपलाही स्वतःचं वेटिंग असतंच. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं तरी जुन्या वर्षांचा फायदा जुन्या रकमेपुरताच मिळतो.